ब्रँडचे ताळेबंदातील मूल्य

एखादी कंपनी दुसरी कंपनी विकत घेते तेव्हा तिच्या ब्रँडची किंमत ठरवून ती अमूर्त मालमत्ता म्हणून ताळेबंदात दाखवावी लागते. स्वतः घडवलेल्या ब्रँडला मात्र ही मुभा नाही. पन्नास वर्षे जाहिरातींवर खर्च करून नावारूपाला आणलेला ब्रँड आंतरराष्ट्रीय लेखामानकांनुसार (आयएएस ३८) ताळेबंदात दिसत नाही. तोच विकला गेला की खरेदीदाराच्या पुस्तकांत शेकडो कोटींनी उमटतो. १९८८ मध्ये ब्रिटनच्या रँक्स होविस मॅकडुगल या कंपनीने स्वतःचे ब्रँडही ताळेबंदात घेतले होते. आजचे नियम तसे करू देत नाहीत.

खरेदीची एकूण रक्कम वेगवेगळ्या मालमत्तांत वाटून दिली जाते. कारखाने, साठा, येणी यांतून देणी वजा करायची, मग ब्रँड, पेटंट, ग्राहकांशी असलेले करार यांची वाजवी किंमत धरायची. एवढे करून जे उरते ते गुडविल. म्हणजे गुडविल कोणी मोजत नाही, ते शिल्लक राहते. त्यामुळे ब्रँडची किंमत कमी धरली की गुडविल आपोआप फुगते.

ब्रँडसाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत रॉयल्टी-बचतीची आहे. हा ब्रँड आपला नसता, तर तो वापरण्यासाठी आपण त्याच्या मालकाला किती रॉयल्टी दिली असती, हा तिचा मूळ प्रश्न. समजा, १,००० कोटींना घेतलेल्या कंपनीच्या ब्रँडवर पुढील वर्षी ६०० कोटींची विक्री अपेक्षित आहे आणि तशा ब्रँडच्या परवान्यांत ५ टक्के रॉयल्टी आकारली जाते. बचत ३० कोटी. २५ टक्के कर वजा जाता २२.५ कोटी. ही बचत दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढेल असे मानून ११ टक्के सूट-दराने आजच्या किमतीत आणली, तर ११ मधून ३ वजा करून उरलेल्या ८ टक्क्यांनी भागायचे: २२.५ भागिले ०.०८, म्हणजे सुमारे २८१ कोटी. इतर निव्वळ मालमत्ता ३८० कोटींची असेल, तर स्थगित कर, म्हणजे पुढे भरावा लागणारा कर, बाजूला ठेवून गुडविल ३३९ कोटी होते.

या गणिताचा कच्चा दुवा रॉयल्टीचा दर. तो ४ टक्के धरला की ब्रँड २२५ कोटींवर येतो. त्यात सूट-दर १२ टक्के केला की २०० कोटींवर. दोन्ही गृहीतके मूल्यांकनकाराला सहज समर्थनीय वाटू शकतात. म्हणून अहवाल वाचताना अंतिम आकड्याआधी हे दोन दर पाहावेत. तुलनेला घेतलेले परवाने खरोखर त्याच धंद्यातले आहेत का, हेही तपासावे.

ब्रँडचे आयुष्य अनिश्चित मानले तर त्यावर दरवर्षी घसाऱ्यासारखी कपात होत नाही. त्याऐवजी निदान वर्षातून एकदा इम्पेअरमेंट चाचणी घ्यावी लागते. पुस्तकी किंमत वसूल होऊ शकणाऱ्या रकमेपेक्षा जास्त निघाली, तर फरक तोटा म्हणून लिहायचा. वरच्याच उदाहरणात तीन वर्षांनी विक्रीचा अंदाज ५२० कोटींवर आला, वाढ २ टक्के आणि सूट-दर १२ टक्के झाला, तर ब्रँड १९५ कोटींचा उरतो. ८६ कोटींचा तोटा नफा-तोटा पत्रकात जातो, जरी एक पैही बाहेर गेलेली नसते. पैसे खरेदीच्या दिवशीच गेलेले असतात.

गुडविलची चाचणी यापेक्षा सैल आहे, कारण ते एकटे रोख कमावत नाही. ते ज्या व्यवसाय-गटात ठेवले आहे त्या संपूर्ण गटाची चाचणी होते. खरेदीदाराचा जुना, चांगला चाललेला धंदा त्याच गटात असला, तर त्याच्या आधाराने नव्या खरेदीचे नुकसान वर्षानुवर्षे झाकले जाते. आंतरराष्ट्रीय मानकांत ब्रँडचा इम्पेअरमेंट तोटा परिस्थिती सुधारल्यास मागे घेता येतो, गुडविलचा कधीच नाही. अमेरिकन नियमांत दोन्ही कायमचे.

२०१५ मध्ये क्राफ्ट आणि हाइन्झ या अमेरिकी खाद्यपदार्थ कंपन्या एकत्र आल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये क्राफ्ट हाइन्झने गुडविल आणि अमूर्त मालमत्तांवर मिळून १५.४ अब्ज डॉलरचा तोटा जाहीर केला. त्यात क्राफ्ट आणि ऑस्कर मायर हे ब्रँड प्रमुख होते. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे २७ टक्क्यांनी कोसळला. मात्र त्या घसरणीचे सगळे श्रेय या तोट्याला देता येत नाही, कारण तोट्यासोबतच लाभांशातील कपात आणि अमेरिकी बाजार नियामकाची चौकशीही जाहीर झाली होती. बाजार साधारणपणे ब्रँडची घसरण लेखापुस्तकांच्या आधी ओळखतो. एखाद्या कंपनीचे बाजारमूल्य तिच्या पुस्तकी निव्वळ मालमत्तेखाली दीर्घकाळ राहिले आणि तरी गुडविलला धक्का लागला नसेल, तर चाचणीतील वाढीचा दर आणि सूट-दर यांबद्दल व्यवस्थापनाला विचारायला हवे.