बेसल इन्सुलिन : घरच्या घरी मात्रावाढ

यकृत रात्रभर रक्तात साखर सोडत असते. तिला आवर घालायला दिवसातून एकदा घेतात ते दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन म्हणजे बेसल. ग्लार्जिन हे त्यातले परिचित नाव. टाइप २ मधुमेहात कोणाला किती लागेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून डॉक्टर सुरुवात आणि लक्ष्य ठरवून देतात, पुढची वाढ रुग्ण उपाशीपोटीच्या साखरेवरून करतो.

प्रचलित रीत सोपी आहे. सुरुवात बहुधा १० युनिटांनी होते. लागोपाठ तीन सकाळी साखर १३० मिग्रॅच्या वर राहिली तर २ युनिट वाढवायचे, ८० ते १३० मध्ये आली की थांबायचे. एकदाही ७० च्या खाली गेली आणि जेवण चुकणे, जास्त चालणे असे कारण सापडले नाही, तर मात्रा १० ते २० टक्के कमी करून डॉक्टरांना कळवायचे. बदललेल्या मात्रेचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात, म्हणून एका सकाळच्या आकड्यावर हात चालवू नये. डेग्लुडेक आणखी संथ असल्याने तिथे आठवडाभर थांबणे बरे. वृद्ध आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांचे लक्ष्य सैल असते. टाइप १ आणि गरोदरपण यांना ही रीत लागू नाही.

खरी अडचण कुठवर वाढवायचे ही. समजा, इंदूरच्या रामबागेतले ७२ किलोचे एक गृहस्थ असे चढत ३६ युनिटांवर आले, तरी सकाळी १४४, १५१, १४७. नियमाप्रमाणे ३८ करायला हवेत. पण ३६ म्हणजे किलोमागे अर्धे युनिट. या टप्प्यावर आधी झोपतानाची साखर पाहावी. ती निघाली २३२, २४१, २२६. म्हणजे रात्रीत ८० ते ९० ची घसरण, आणि ५० हून मोठी घसरण हा इशारा मानतात. बेसल इथे यकृताला नव्हे, रात्री दहाच्या जेवणाला आणि त्यावर सराफ्यात खाल्लेल्या गराडूला पुरे पडायला धडपडत आहे. अशा माणसाने मात्रा आणखी वाढवली आणि एखाद्या दिवशी लवकर, हलके जेवला, तर पहाटे तीनला घामाघूम होऊन उठेल. डॉक्टर अशा वेळी बेसल थोडे उतरवून रात्रीच्या जेवणाआधी ४ युनिट जलद इन्सुलिन देऊ शकतात, किंवा दुसरे औषध जोडतात. जेवणच आठला आणले तर कधी तेही लागत नाही.

आकडे मुळीच हलत नसतील तर सिरिंज तपासावी. भारतात ४० आणि १०० युनिट प्रति मिलि अशा दोन्ही शक्तींच्या कुप्या मिळतात. ४० च्या कुपीतून १०० च्या सिरिंजने २० च्या रेषेपर्यंत भरले, तर शरीरात ८ च युनिट जातात. उलट घोटाळ्यात ५०.