झिपची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर का असते

झिप उघडताना येणारे अडथळे ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. एकात प्रोग्राम म्हणतो की फाइल खराब आहे किंवा अर्धवट आहे. दुसऱ्यात तो म्हणतो की यातली आकार कमी करण्याची पद्धत, म्हणजे मेथड, मला येत नाही. दोन्ही संदेश ऐकून माणूस फाइल पुन्हा डाउनलोड करायला घेतो. पहिल्या प्रकारात त्याचा उपयोग होऊ शकतो, दुसऱ्यात मात्र तीच फाइल दहा वेळा उतरवली तरी काहीही बदलत नाही. हा फरक का पडतो, हे १९८९ साली घेतलेल्या काही निर्णयांत दडलेलं आहे.

त्या काळात फाइली फ्लॉपीवर आणि मोडेमच्या फोनलाइनवरून फिरत. आकार कमी करून, म्हणजे दाबून, पाठवण्यासाठी सिस्टिम एन्हान्समेंट असोसिएट्स या अमेरिकन कंपनीचा आर्क हा प्रकार रूढ होता. मिलवॉकीच्या फिल कॅट्झने त्याच प्रकारातला, पण जास्त वेगवान असा पीकेआर्क काढला. १९८८ मध्ये त्या कंपनीने त्याच्यावर दावा लावला आणि तडजोडीत त्याला पीकेआर्क विकणं थांबवावं लागलं. मग त्याने नवा प्रकार रचला, त्याचं नाव झिप. १९८९ मध्ये पीकेझिपबरोबर त्याने त्याची तांत्रिक माहितीही `APPNOTE.TXT` या फाइलमध्ये खुली केली, म्हणजे झिप वाचणारा प्रोग्राम कोणालाही लिहिता यावा. प्रत्येक झिपच्या सुरुवातीला जी `PK` ही दोन अक्षरं दिसतात, ती कॅट्झच्या नावाची आद्याक्षरं.

झिपमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे दाबलेली असते आणि तिच्यापुढे किमान ३० बाइटांचा एक छोटा मथळा असतो: नाव, आकार, पद्धतीचा क्रमांक, आणि सीआरसी-३२ ही तपासणीची बेरीज. सगळ्या फाइली संपल्यावर शेवटी अनुक्रमणिका येते. तिच्यात हीच माहिती पुन्हा असते, शिवाय कोणती फाइल कुठून सुरू होते तेही. अगदी टोकाला किमान २२ बाइटांची शेवटची नोंद असते, ती `PK` नंतर ०५ आणि ०६ या बाइटांनी ओळखू येते. अनुक्रमणिका कुठे आहे ते ती नोंद सांगते.

शेवटी ठेवण्याचं कारण त्या काळात चोख होतं. लिहिणारा प्रोग्राम फाइली एकेक करून पुढे लिहीत जातो, किती होतील ते त्याला आधी माहीत असावं लागत नाही. नवी फाइल घालायची तर जुना मजकूर जागचा हलवावा लागत नाही, फक्त शेवटची अनुक्रमणिका नव्याने लिहायची. अनेक फ्लॉप्यांवर पसरलेल्या झिपसाठी शेवटची फ्लॉपी घातली की पूर्ण यादी हाती येई.

पण याच रचनेमुळे डाउनलोड तुटलं की नेमकी अनुक्रमणिका जाते. ९९ टक्के फाइल आली असली तरी उघडणाऱ्याला शेवटची नोंद सापडत नाही आणि तो सरळ नकार देतो. विंडोज म्हणतं की हा कम्प्रेस्ड फोल्डर अवैध आहे. `unzip` म्हणतं `End-of-central-directory signature not found`. ७-झिप म्हणतं `Unexpected end of archive`. तिघांचा अर्थ जवळपास एकच: शेपूट मिळालं नाही. मजकूर नासला, असं यातला कोणीच म्हणत नाही. प्रत्येक फाइलपुढचा तो छोटा मथळा जागेवर असतो, आणि दुरुस्तीची जी काही शक्यता आहे ती त्या दुहेरी नोंदीमुळेच आहे.

एक उदाहरण घेऊ. काटोलजवळच्या संत्रा बागेचं ड्रोन सर्वेक्षण झालं. प्रत्येकी सुमारे ८ एमबीचे ४०० फोटो क्लाउड ड्राइव्हवर चढवले. नागपुरात धंतोलीच्या ऑफिसमध्ये कोणीतरी सगळं फोल्डर एकदम उतरवायला घेतलं. फोल्डर उतरवताना ड्राइव्ह त्याची झिप त्याच क्षणी बनवत पाठवते. पूर्ण झिप सुमारे ३,२०० एमबीची व्हायची होती. मेच्या दुपारी वीज गेली, राउटर यूपीएसवर नव्हता, आणि हातात १,९०० एमबी उरली.

आधी नुकसान किती ते पाहायचं. फाइलचे पहिले आणि शेवटचे बाइट तपासले की बरंच कळतं:

```
head -c 4 bag.zip | xxd
tail -c 22 bag.zip | xxd
```

सुरुवातीला `50 4b 03 04` हवं. तिथे `<!DO`, म्हणजे `<!DOCTYPE` ची सुरुवात, दिसली तर ती झिप नाहीच, लॉगिनचं किंवा एररचं पान झिपच्या नावाने उतरलेलं आहे. अशी फाइल सहसा काही केबींचीच असते. शेवटी `50 4b 05 06` दिसलं तर शेपूट शाबूत आहे, फक्त झिपला टिप्पणी जोडलेली असेल तर ही खूण थोडी आधी येते. शेवटी नुसती शून्यं असतील तर सावध व्हा. काही डाउनलोड मॅनेजर आणि टॉरेंट प्रोग्राम सुरुवातीलाच पूर्ण आकाराची जागा राखून ठेवतात, म्हणून आकार बरोबर दिसतो पण आतला भाग रिकामा असतो.

दुसरा प्रश्न, उरलेलं पुढे जोडता येईल का. साध्या सर्व्हरवर ठेवलेली तयार झिप असेल तर बहुधा येतं:

```
curl -C - -O https://example.org/bag.zip
```

सर्व्हरने तुकड्यातून पुढे पाठवणं मान्य केलं की ही आज्ञा जिथे तुटलं तिथून सुरू करते. `wget -c` तेच करतं. मात्र आपल्या उदाहरणातली झिप तयार ठेवलेली नव्हती. अशा झिपचा एकूण आकार सर्व्हर बहुधा आधी सांगत नाही, त्यामुळे जोडणी तुटल्याचं ब्राउझरलाही नेहमी कळत नाही आणि अर्धी फाइल पूर्ण झाल्यासारखी डाउनलोड फोल्डरमध्ये येऊन बसते. पुन्हा मागणी केली की झिप नव्याने बनते, फाइलींचा क्रम किंवा वेळेच्या नोंदी बदलू शकतात. जुन्या तुकड्याला नवा तुकडा जोडला तर बिनकामाची फाइल तयार होते. हा खटाटोप इथे करू नये.

म्हणून आहे त्यातून काढायचं. १,९०० ला ८ ने भागलं तर साधारण २३७ फोटो पूर्ण, २३८वा अर्धा, आणि १६२ आलेलेच नाहीत. मूळ फाइलची प्रत करून ठेवावी आणि काम प्रतीवरच करावं. विंडोजवर सोपा मार्ग म्हणजे ७-झिपने ती उघडणं. अनुक्रमणिका नसली की ते सुरुवातीपासून मथळे वाचत जातं, शेपूट नसल्याची तक्रार करतं, पण जे आहे ते काढून देतं. लिनक्सवर इन्फो-झिपचा `zip` हा प्रोग्राम नवी अनुक्रमणिका रचून देतो:

```
zip -FF prat.zip --out durust.zip
unzip -t durust.zip
```

पहिली आज्ञा एकाच डिस्कची झिप आहे का असं विचारू शकते, तिथे `y` द्यावं. एक `F` असलेला पर्याय अनुक्रमणिका बऱ्यापैकी शिल्लक असेल तेव्हासाठी आहे. दोन `F` असले की तो अनुक्रमणिकेवर भरवसा न ठेवता सगळी फाइल चाळतो. `unzip -t` प्रत्येक फोटोची बेरीज ताडून पाहतं, त्यात अर्धा राहिलेला फोटो पकडला जातो. तो काढता आला तर वरचा भाग दिसतो आणि खालचा करडा येतो.

मग हाती आलेल्या नावांची यादी ड्राइव्हवरच्या यादीशी ताडायची आणि उरलेले १६३ फोटो तेवढेच निवडून पन्नास-पन्नासच्या गटात उतरवायचे. नावांच्या क्रमावर विसंबू नये, झिपमध्ये ते त्याच क्रमाने आले असतील असं नाही.

पाठवता पाठवता बनवलेल्या झिपमध्ये एक खास अडचण असते. लिहिताना फाइलचा आकार माहीत नसतो, म्हणून मथळ्यात शून्य टाकतात आणि खरा आकार फाइलच्या मागे जोडतात. डिफ्लेट या नेहमीच्या पद्धतीने दाबलेलं असेल तर तो प्रवाह आपला शेवट स्वतःच सांगतो. पण जेपीजी आधीच दाबलेले असल्याने पुष्कळदा ते जसेच्या तसे ठेवलेले असतात. तेव्हा एक फोटो कुठे संपला हे प्रोग्रामला पुढची खूण शोधून ठरवावं लागतं, आणि एखादा प्रोग्राम इथे अडतो. अशा वेळी दुसरा प्रोग्राम वापरून पाहणं खरंच उपयोगी पडतं.

याच्या पलीकडे दुरुस्ती जात नाही. सीआरसी फक्त चूक झाली हे सांगते, चूक कुठली ते सांगत नाही. मधला एखादा बाइट बिघडला तर डिफ्लेटचा तिथून पुढचा मजकूर सहसा हाती लागत नाही. पण नुकसान त्या एका फाइलपुरतंच राहतं, कारण प्रत्येक फाइल वेगळी दाबलेली असते. न आलेले बाइट कोणताही प्रोग्राम बनवू शकत नाही. पैसे घेऊन झिप दुरुस्त करून देणारी साधनंही अनुक्रमणिकाच नव्याने रचतात, आणि ते वरच्या आज्ञेने फुकट होतं.

दुसऱ्या प्रकारच्या संदेशाचं मूळ मथळ्यातल्या पद्धतीच्या क्रमांकात आहे. सुरुवातीच्या पीकेझिपमध्ये श्रिंक, रिड्यूस, इम्प्लोड अशा पद्धती होत्या. १९९३ च्या पीकेझिप २ मालिकेत डिफ्लेट आली, तिचा क्रमांक ८. १९९६ मध्ये तिचं वर्णन आरएफसी १९५१ म्हणून प्रसिद्ध झालं आणि ती जवळपास सर्वत्र पोचली. पण क्रमांकाची जागा मोकळीच होती. पुढे ९ म्हणजे डिफ्लेट६४, १२ म्हणजे बीझिप२, १४ म्हणजे एलझेडएमए, ९३ म्हणजे झेडस्टँडर्ड, आणि विनझिपच्या एईएस या पासवर्डच्या कुलुपासाठी ९९ असे क्रमांक भरत गेले. यातले कोणते वाचायचे हे प्रत्येक प्रोग्राम स्वतः ठरवतो.

सगळ्यांत जास्त फसवतो तो ९. विंडोजच्या एक्स्प्लोररमधून २ जीबीहून मोठी फाइल झिप केली की तो डिफ्लेट६४ वापरतो. पाठवणाऱ्याने काही निवडलेलं नसतं. दुसऱ्या टोकाला पायथनचं `zipfile` म्हणतं `That compression method is not supported`, आणि जावातले बरेच प्रोग्रामही नाकारतात. एईएसचं कुलूप असलं तर जुनं `unzip` म्हणतं `need PK compat. v5.1 (can do v4.6)`. दोन्ही वेळा फाइल ठणठणीत असते. नक्की कोणती पद्धत आहे ते असं दिसतं:

```
7z l -slt bag.zip
```

प्रत्येक फाइलखाली `Method =` अशी ओळ येते. `Deflate64` दिसलं की ७-झिपने उघडून घ्यावं. झिप दुसऱ्याच्या सर्व्हरवर किंवा प्रोग्राममध्ये जाणार असेल तर काढलेलं फोल्डर साध्या डिफ्लेटने पुन्हा बांधावं:

```
7z a -tzip -mm=Deflate navi.zip bag
```

ड्रोनच्या फोटोंसाठी `-mm=Copy` पुरतं. जेपीजी आणखी दाबून आकारात नाममात्रच फरक पडतो, आणि जसेच्या तसे ठेवलेले फोटो अनुक्रमणिका गेली तरी बाइटांतून वेगळे काढायला सोपे असतात.