ड्रोनच्या छायाचित्रातून देवमाशाची लांबी कशी मोजतात?

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हर बेटाजवळच्या समुद्रात, ऑगस्ट 2014 मध्ये जॉन डर्बन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोटीवरून सहा पंखांचा एक लहान ड्रोन उडवून ओर्का देवमाशांची वरून छायाचित्रे घेतली. ड्रोन पाण्यापासून साधारण 35 ते 40 मीटर उंचीवर होता. एखाद्या प्राण्याला नीट खायला मिळते आहे की नाही, त्याची वाढ खुंटली आहे का, हे त्याच्या शरीराच्या मापांवरून कळते. पण पोहणाऱ्या ओर्काला फीत लावता येत नाही आणि उघड्या समुद्रात त्याच्या शेजारी मोजपट्टी ठेवता येत नाही. त्यामुळे छायाचित्रातल्या पिक्सेलचे मीटरमध्ये रूपांतर करण्याचा सगळा भार तीन आकड्यांवर पडतो: ड्रोनची उंची, भिंगाचे नाभीय अंतर आणि कॅमेऱ्यातील सेन्सरचा आकार.

छायाचित्रातला एक पिक्सेल प्रत्यक्षात पृष्ठभागावरचे जेवढे अंतर व्यापतो, त्याला ‘ग्राउंड सॅम्पल डिस्टन्स’, थोडक्यात जीएसडी म्हणतात. कॅमेरा सरळ खाली रोखलेला असेल, तर त्याच्या भिंगाच्या दोन बाजूंना दोन समरूप त्रिकोण तयार होतात. आतल्या त्रिकोणाचा पाया म्हणजे सेन्सरची रुंदी आणि उंची म्हणजे नाभीय अंतर. बाहेरच्या त्रिकोणाचा पाया म्हणजे छायाचित्रात मावणारी समुद्राची रुंदी आणि उंची म्हणजे ड्रोनची पाण्यापासूनची उंची. शाळेतल्या भूमितीप्रमाणे दोन्हींचे गुणोत्तर सारखे असते, म्हणून

जीएसडी = (ड्रोनची उंची × सेन्सरची रुंदी) ÷ (नाभीय अंतर × छायाचित्राच्या रुंदीतील पिक्सेल)

सेन्सरची रुंदी 17.3 मिलिमीटर, भिंग 25 मिलिमीटरचे आणि छायाचित्राची रुंदी 4608 पिक्सेल असा ‘मायक्रो फोर थर्ड्स’ जातीचा कॅमेरा उदाहरणासाठी घेऊ. ड्रोन 38 मीटरवर असेल, तर 38 ला 17.3 ने गुणून त्या गुणाकाराला 25 आणि 4608 यांच्या गुणाकाराने भागले की उत्तर सुमारे 0.0057 मीटर, म्हणजे 0.57 सेंटिमीटर येते. आता तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत 1050 पिक्सेल भरले, तर ओर्काची लांबी जवळजवळ 6 मीटर ठरते.

या तिघांपैकी नाभीय अंतर आणि सेन्सरची रुंदी हे आकडे बदलत नाहीत, तरी ते चुकीचे घेतले जाण्याचा धोका असतोच. पुष्कळ कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात नाभीय अंतर ‘35 मिलिमीटर फिल्मशी तुल्य’ म्हणून दिलेले असते. वरच्या कॅमेऱ्यासाठी तो तुल्य आकडा 50 मिलिमीटर आहे. तो सूत्रात घालून सेन्सरची रुंदी मात्र 17.3 ठेवली, तर सहा मीटरचा ओर्का तीन मीटरचा होतो. ही चूक निदान लगेच डोळ्यांत भरते. ‘एक इंची’ सेन्सरच्या नावाने होणारी फसगतही अशीच आहे: त्याची रुंदी 25.4 नव्हे, तर साधारण 13.2 मिलिमीटर असते. व्हिडिओमधून काढलेल्या चौकटी वापरताना अधिक जपावे लागते, कारण व्हिडिओ घेताना काही कॅमेरे सेन्सरचा मधला भागच वापरतात आणि मग सेन्सरची पूर्ण रुंदी सूत्रात घालणे चूक ठरते.

उंचीचा प्रश्न याहून कठीण आहे, आणि माझ्या मते मापाचा खरा कस इथेच लागतो. जीएसडी उंचीच्या सम प्रमाणात असल्यामुळे उंचीतली शेकडा चूक जशीच्या तशी लांबीत उतरते. वरच्या उदाहरणात ड्रोन 38 ऐवजी खरोखर 40 मीटरवर असेल, तर त्याच 1050 पिक्सेलची लांबी 6.31 मीटर होते. म्हणजे उंचीतली दोन मीटरची चूक प्राण्याच्या लांबीत 30 सेंटिमीटरहून अधिक फरक पाडते. याउलट दोन्ही टोके खुणावताना प्रत्येकी तीन पिक्सेलची गफलत झाली, तरी लांबीत साडेतीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडत नाही. म्हणून अधिक पिक्सेलचा कॅमेरा घेण्यापेक्षा उंची अचूक मोजण्यावर खर्च करणे शहाणपणाचे आहे.

बहुतेक ड्रोन आपली उंची हवेच्या दाबावरून काढतात. समुद्रसपाटीजवळ एक मीटर वर गेल्यावर दाब जेमतेम 0.12 हेक्टोपास्कल कमी होतो, त्यामुळे उड्डाण चालू असताना हवामान बदलून दाब अर्धा हेक्टोपास्कल हलला, तरी उंचीत चार मीटरचा घोळ होऊ शकतो. शिवाय ही उंची उड्डाणस्थानापासून मोजलेली असते. बोटीच्या डेकवरून किंवा माणसाच्या हातातून ड्रोन सोडला, तर ते स्थान पाण्यापासून किती उंच होते ते मोजून मिळवावे लागते. साध्या जीपीएसने दाखवलेल्या उंचीत काही मीटरांची चूक सहज असते. त्याहून मोठी अडचण अशी की, जीपीएसची मूळ उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. मुंबईच्या किनाऱ्यावर या दोहोंतला फरक साठ मीटरहून अधिक आहे. यावर उपाय म्हणून न्यूझीलंडमधील स्टीफन डॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ड्रोनवर लहानसा लेसर अंतरमापक बसवला आणि पाण्यापर्यंतचे अंतर थेट मोजले. त्यांचे काम 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र लेसरही सरळ खालीच रोखलेला हवा. ड्रोन 10 अंश कलला, तर तिरपे अंतर मोजले जाऊन उंची सुमारे दीड टक्का जास्त दिसते.

उंची पाण्यापर्यंत अचूक मिळाली, तरी ओर्का पृष्ठभागावरच असेल असे नाही. तो एक मीटर खाली असेल, तर अपवर्तनामुळे वरून पाहताना सुमारे पाऊण मीटर खाली असल्यासारखा दिसतो. तेवढी उंची गणितात धरली नाही, तर 38 मीटरवरून घेतलेले माप जवळजवळ दोन टक्के कमी भरते. शरीर वाकलेले असेल, तर टोकापासून टोकापर्यंतची सरळ रेषा आणखी आखूड येते. पाठ पाण्याबाहेर आलेली आहे, शरीर सरळ आहे आणि प्राणी चौकटीच्या मध्याजवळ आहे, अशीच छायाचित्रे मापासाठी निवडावी लागतात. कडेला भिंगाच्या विकृतीमुळे आकार बदलतो.

आपले माप खरे आहे की नाही हे तपासायला जवळच एक साधन तरंगत असते, ते म्हणजे स्वतःची बोट. तिची लांबी फितीने मोजून घ्यावी आणि 20, 40 व 60 मीटर उंचीवरून तिची छायाचित्रे काढावीत. बोट सात मीटरची असेल आणि तिन्ही उंचींवरून ती सारख्याच शेकडा प्रमाणात आखूड येत असेल, तर संशय नाभीय अंतरावर किंवा सेन्सरच्या रुंदीवर घ्यावा. पण 20 मीटरवरून ती 6.36 मीटर आणि 60 मीटरवरून 6.77 मीटर भरत असेल, म्हणजे उंची वाढेल तशी चूक घटत असेल, तर उंचीच्या शून्यातच गडबड आहे. या आकड्यांवरून हिशेब केला, तर प्रत्येक उंचीत दोन मीटर मिळवायचे राहून गेले असल्याचे दिसते, आणि बोटीच्या डेकवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातून ड्रोन सोडला असेल, तर पाण्यापासूनचे अंतर साधारण तेवढेच असते.