इंग्रजी प्रूफ तपासायला नेताना हे वाचा

निमंत्रणपत्रिका, शिफारसपत्रं, परदेशी विद्यापीठांना पाठवायची निवेदनं यांची इंग्रजी प्रूफं तपासून परत येतात, तेव्हा लाल शाई बहुतेकदा एकाच जागी असते. आम्ही 'मी' ठेवलेलं असतं, तिथे ग्राहकाने 'आय' केलेलं असतं. (या पत्रकात अवतरणचिन्हांतला 'मी' इंग्रजी आहे, म्हणजे आपला 'मला'.) सही झालेल्या प्रूफवरून प्लेट निघते. त्यानंतर घरातलं कोणीतरी चूक दाखवतं, पुन्हा प्लेट, पुन्हा कागद, आणि पुणेकर ग्राहकाशी खर्चावरून बोलणं सोपं नसतं.

एका साठीशांतीच्या पत्रिकेत वाक्य होतं, 'युवर प्रेझेन्स विल मीन अ लॉट टु माय वाइफ अँड मी'. यजमानांनी शेवटचं 'मी' खोडून 'आय' केलं. त्यांचं म्हणणं, 'आय' जास्त सभ्य वाटतं. आम्ही 'माय वाइफ अँड' एवढे शब्द अंगठ्याने झाकले आणि उरलेलं वाचायला सांगितलं: 'मीन अ लॉट टु आय'. ते स्वतःच हसले. 'टु', 'फॉर', 'विथ', 'बिट्वीन' यांच्यामागून येणारं सर्वनाम कर्माच्या रूपात लागतं, आणि मध्ये आणखी एक माणूस आला म्हणून ते रूप बदलत नाही.

'बिट्वीन यू अँड मी' मध्ये मात्र अंगठा कामाचा नाही, कारण 'बिट्वीन'ला दोघे लागतातच. तिथे दोघांच्या जागी एकच शब्द घाला. 'बिट्वीन अस' म्हणतो, 'बिट्वीन वी' कोणी म्हणत नाही, म्हणून 'मी'. 'यू'चं रूप दोन्हीकडे सारखंच राहतं, त्यामुळे त्याच्याकडे पाहून काही कळत नाही.

ही चूक शिकलेल्या माणसांकडूनच जास्त होते. शाळेत 'मी अँड रमेश वेंट' म्हटल्यावर बाई 'रमेश अँड आय' असं सुधारून देत. तिथे ती जोडी कर्ता होती, म्हणून बाई बरोबरच होत्या. पण डोक्यात राहिलं ते एवढंच की 'अँड'नंतर 'आय' म्हणणं सुसंस्कृतपणाचं. सभ्यता दुसऱ्याचं नाव आधी घेण्यात आहे, आणि 'माय वाइफ अँड मी' मध्ये ती पाळलेलीच आहे. शिवाय मराठीत आपण 'माझी पत्नी आणि मी यांच्यासाठी' असं लिहितो. विभक्तीचा भार 'यांच्या' उचलतं आणि आपला मी जसाच्या तसा राहतो. इंग्रजीत असा भार उचलणारा शब्द नाही. 'आय' की 'मी' या पेचातून सुटायला 'मायसेल्फ' घालणारेही भेटतात. ते आम्ही काढतो.

'हू' आणि 'हूम'चा घोळ थोडा वेगळा आहे. 'कोण' म्हणजे 'हू', 'कोणाला' म्हणजे 'हूम' हा आडाखा सोडून द्या. 'कोणाला चहा हवा?' याचं इंग्रजी 'हू वॉन्ट्स टी?' असंच होतं. त्याऐवजी त्या जागी 'ही' बसतो की 'हिम' ते पाहा. 'हिम' बसला तर 'हूम'. शेवटचं 'म' दोघांत सारखं आहे, लक्षात राहतं.

शिफारसपत्रांत हमखास सापडणारं वाक्य असं: 'अ स्टुडंट हू आय बिलीव्ह विल डू वेल'. 'आय' दिसला की तोच कर्ता समजून प्राध्यापक मंडळी 'हू'चं 'हूम' करून पाठवतात. 'आय बिलीव्ह' नुसतं मध्ये घुसलेलं आहे. ते झाका: 'ही विल डू वेल'. म्हणजे 'हू'च. उलट 'अ स्टुडंट हूम आय टॉट' मध्ये 'आय टॉट हिम' आहे, तिथे 'हूम' हवाच.

आम्ही प्रत्येक ठिकाणी 'हूम'चा आग्रह धरत नाही. जाहिरातीत 'हू शुड यू कॉल?' असलं तर तसंच ठेवतो. बोलण्यात ते रुळलेलं आहे, आणि तिथे 'हूम' घातला तर जाहिरात नोटिशीसारखी वाटते. पण पत्रात 'टु' किंवा 'फॉर'च्या लगेच पुढे 'हूम'च छापतो.

तेव्हा शंका आली तर शब्द खोडू नका, पेन्सिलने गोल करा. सही करण्याआधी आणा, समोर बसून बघू; त्याचे पैसे नाहीत. सहीनंतरच्या बदलाला नव्या प्लेटचा खर्च पडेल. थोड्याच प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई घ्या, तिथे प्लेटच नसते. आणि संपूर्ण इंग्रजी मजकूर आमच्याकडून तपासून हवा असेल तर ऑर्डर देतानाच सांगा. छपाई आमच्याकडे असेल तर त्याचा दर कमी लावतो.