ताप आहे, तर न्हायचं कधी?

घरात कोणाला ताप भरला की एकाच तोंडून दोन गोष्टी ऐकू येतात. आधी दटावणी: "अंगावर पाणी घेऊ नकोस, डोक्यावरून तर मुळीच नको." मग दहा मिनिटांनी तीच आजी गार पाण्यात पंचा पिळून कपाळावर घड्या ठेवायला बसते. पाणी तेच आणि डोकंही तेच, तरी एकदा ते बाधतं आणि एकदा उपचार ठरतं. यात आजीचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. तिच्या दोन्ही वागण्यांमागे एकच गोष्ट आहे आणि ती समजली की तापात आंघोळ करावी की नाही, याचा निवाडा घरच्या घरी करता येतो.

आपल्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बोराएवढाही नसलेला भाग आहे. शरीराचं तापमान किती असावं ते तो ठरवतो. एरवी त्याने काटा ९८ ते ९९ अंश फॅरनहाइटच्या आसपास लावलेला असतो. फ्लूचा विषाणू शरीरात शिरला की प्रतिकारशक्तीच्या पेशी काही रसायनं सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि काटा वर सरकतो, समजा १०३ वर. पॅरासिटामॉल हेच प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, म्हणून काटा पुन्हा खाली येतो. ताप म्हणजे बिघडलेलं यंत्र नाही. ते नीटच चालू असतं, फक्त काटा दुसरीकडे लावलेला असतो.

आता एक उदाहरण धरू. नाशिकमध्ये डिसेंबरची संध्याकाळ आहे. पस्तिशीतली एक शिक्षिका शाळेतून घरी आली आणि तिचं अंग मोडून आलंय. थर्मामीटर १०० दाखवतो, पण तिला प्रचंड थंडी वाजते आहे, हातपाय गार पडलेत, दोन गोधड्या घेऊनही दातांवर दात आपटताहेत. याचं कारण सोपं आहे. काटा १०३ वर गेलाय आणि शरीर अजून १०० वरच आहे, म्हणजे मेंदूच्या दृष्टीने ती तीन अंशांनी गारठलेली आहे. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसून तो आतली ऊब कोंडतो आणि स्नायूंना कुडकुडायला लावतो. कुडकुडण्याने शरीरात तयार होणारी उष्णता दुपटी-तिपटीने वाढू शकते.

"ताप उतरेल" म्हणून या वेळी कोणी तिच्या अंगावर गार पाणी ओतलं, तर त्वचेवरून मेंदूला थंडीचा आणखी एक निरोप जाईल. कुडकुडणं वाढेल, हृदयाचे ठोके वाढतील आणि ताप १०३ पर्यंत लवकरच पोचेल. हे पाणी खरोखर बाधतं. आजीचा पहिला नियम या वेळेसाठी अगदी बरोबर आहे.

हा नियम फार जुना आहे. चरकसंहितेत नवज्वरात, म्हणजे नुकत्याच आलेल्या तापात, ज्या गोष्टी वर्ज्य सांगितल्या आहेत त्यांत स्नान आहे आणि जोराचा वारा अंगावर घेणंही आहे. त्यातला 'नव' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. घरोघरी नियम उरला, पण तो शब्द गळून गेला. दुसरीकडे लिव्हरपूलचे डॉक्टर जेम्स करी यांनी १७९७ साली तापाच्या रुग्णांवर गार पाणी ओतण्याच्या उपचारावर पुस्तक लिहिलं. थर्मामीटर वापरून उपचार जोखणाऱ्या पहिल्या काही डॉक्टरांपैकी ते एक. पाण्यावर एवढा भरवसा असलेल्या या माणसानेही बजावून ठेवलं होतं की थंडी वाजत असताना पाणी ओतायचं नाही आणि भरपूर घाम सुटलेला असतानाही नाही. दोन टोकांच्या दोन परंपरा इथे एकाच जागी येतात.

मग ओल्या फडक्याने अंग पुसण्याचं काय? वेल्लोरच्या एका रुग्णालयात ताप आलेल्या १५० मुलांवर हे पाहिलं गेलं आणि २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. निम्म्या मुलांना फक्त ताप उतरवणारं औषध दिलं. बाकीच्यांना औषधाबरोबर कोमट पाण्याने पुसूनही काढलं. पुसलेल्या मुलांचा ताप पहिल्या अर्ध्या तासात भराभर उतरला, पण दोन तासांनी दोन्ही गट सारखेच होते. पुसलेली मुलं मात्र जास्त रडली आणि जास्त कुडकुडली. काटा खाली आणतं ते औषध. पाणी फक्त त्वचा गार करतं, आणि काटा वरच असेल तर शरीर गेलेली ऊब परत मिळवतं. म्हणून केवळ ताप उतरवण्यासाठी मुलांना पुसून काढू नये, असंच ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. कपाळावरची घडी यात बसत नाही, कारण ती अंगाच्या फार छोट्या भागावर असते. तिने ताप फारसा हलत नाही, पण हुडहुडीही भरत नाही. ठणकणाऱ्या डोक्याला बरं वाटतं, तेवढंच तिचं काम.

आपल्या शिक्षिकेने रात्री आठला पॅरासिटामॉल घेतलं. तासाभरात थंडी थांबली, चेहरा लाल झाला, गोधडी नकोशी झाली आणि साडेनऊला घाम फुटला. काटा खाली आलाय आणि शरीर आता स्वतःच ऊब बाहेर टाकतंय. इथे कोमट पाण्यात पिळलेल्या टॉवेलने मान, काखा, पाठ पुसून कोरडे कपडे घातले तर शरीराच्या कामाला साथच मिळते. रात्री लगेच आंघोळीची घाई मात्र नको. औषधाचा अंमल सरला की काटा पुन्हा वर जाऊ शकतो.

आता केसांकडे येऊ, कारण खरी भीती तीच असते. "पाणी डोक्यात मुरतं, मग छातीत उतरतं." डोक्याच्या कातडीतून पाणी आत मुरून छातीत जाईल अशी वाटच शरीरात नाही. फ्लूत न्यूमोनिया होतो तो विषाणू श्वासनलिकेतून खाली उतरल्यामुळे किंवा त्याच्या मागोमाग जिवाणूंनी फुप्फुसात घर केल्यामुळे. भिजल्याने सर्दी होते का, हे तर इंग्लंडमध्ये सॉल्सबरीच्या सर्दी संशोधन केंद्रात मुद्दाम करून पाहिलं होतं. १९४६ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात स्वयंसेवकांना गरम पाण्याने आंघोळ घालून, अंग न पुसता, वाऱ्याच्या बोळात उभं केलं. नुसत्या गारठण्याने कोणालाही सर्दी झाली नाही, त्याला विषाणू लागतोच. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. २००५ मध्ये कार्डिफला १८० जणांवर प्रयोग झाला. अर्ध्या लोकांनी २० मिनिटं १० अंश सेल्सियसच्या पाण्यात पाय बुडवले. पुढच्या काही दिवसांत त्यांतल्या २९ टक्क्यांनी सर्दीची लक्षणं सांगितली, पाय न भिजवलेल्यांपैकी ९ टक्क्यांनी. विषाणूची तपासणी मात्र केली नव्हती. संशोधकांचं म्हणणं असं की पाय गारठले की नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच दबा धरून बसलेला विषाणू डोकं वर काढतो. आपल्या शिक्षिकेच्या बाबतीत तर विषाणू केव्हाच उघडपणे कामाला लागलाय.

तरीही लांब केस ओले ठेवणं तिला महागात पडू शकतं, ते उष्णतेच्या हिशोबाने. न्हाऊन टॉवेल गुंडाळल्यावरही तिच्या केसांत १०० ग्रॅम पाणी उरलं असं धरू. ते वाळायला, म्हणजे वाफ व्हायला, साधारण ५८ कॅलरी उष्णता लागते (आपण अन्नाच्या मोजतो त्याच कॅलरी). ६० किलोचं शरीर एक अंश सेल्सियसने थंड होतं ते सुमारे ५० कॅलरी गमावून. केस वाळताना बरीचशी उष्णता हवेतून येते, पण पाव हिस्सा जरी डोक्यातून गेला तरी तो पाव अंशाहून जास्त भरतो, आणि तो अशा शरीरातून जातो जे ऊब टिकवायला धडपडतंय. डिसेंबरात पंख्याखाली ओला अंबाडा घालून बसलं की हुडहुडी परत येते ती यामुळे. ताप 'उलटला' असं आपण म्हणतो, पण बहुतेकदा ते हेच असतं. छोटे केस दोन मिनिटांत कोरडे होतात, त्यांना हा हिशोब लागू नाही.

मला स्वतःला पाण्याहून जास्त काळजी बाथरूमची वाटते. तापात पाणी कमी प्यायलेलं असतं, घामाने आणखी गेलेलं असतं. त्यात कडकडीत पाणी अंगावर घेतलं की त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब घसरतो आणि उठून उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. आत गॅस गिझर असेल आणि थंडी लागते म्हणून खिडकी बंद केली असेल, तर धोका दुहेरी आहे. साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडने डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. आजाऱ्याला ही सगळी फ्लूचीच लक्षणं वाटतात आणि तो तिथेच बसून राहतो. गिझर आतच असेल तर बादली आधी भरून घ्यावी, गिझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच आजाऱ्याला आत पाठवावं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आपल्या शिक्षिकेला तास-दोन तास थंडी नाही, ताप १०० आहे, पाणी आणि पेज पोटात टिकली आहे. आता आंघोळीला हरकत नाही. पाणी कोपर बुडवल्यावर ना गार ना गरम वाटेल इतकं कोमट. बसायला स्टूल, कडी न लावलेलं दार, बाहेर कोणीतरी, आणि पाच-सात मिनिटांत आटपणं. घामाने चिकटलेलं अंग स्वच्छ झालं की झोप चांगली लागते, आणि आजारात हा फायदा लहान नाही. केस फारच चिकट झाले असतील तर उन्हाच्या वेळी धुऊन लगेच ड्रायरने किंवा कोरड्या टॉवेलने मुळापर्यंत कोरडे करावेत, नाहीतर आणखी दोन दिवस थांबावं. आंघोळ करताना अंगावर शहारा आला, कुडकुडायला झालं, तर पाणी थांबवून अंग पुसायचं. काटा अजून वर आहे याची ती खूण.

विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात काम करणारा माणूस तापून बरळू लागला, तर मात्र वरचं काहीही लागू नाही. उष्माघातात मेंदूचा काटा जागेवरच असतो, शरीर त्याच्या हाताबाहेर गेलेलं असतं. तिथे पॅरासिटामॉल निरुपयोगी आहे. सावलीत नेऊन डोक्यापासून पायापर्यंत गार पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि रुग्णालय गाठायचं.

आणखी एक प्रसंग पावसाळ्यानंतरचा. चार दिवस ताप होता, आज उतरला, म्हणून माणूस मोकळेपणाने न्हायला जातो आणि मोरीतच कोसळतो. घरचे म्हणतात, पाणी बाधलं. पण डेंग्यूत सर्वांत नाजूक काळ नेमका ताप उतरताना येतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, जेव्हा रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपू लागतं. त्या वेळी पोटात जोरात दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा ताप नसताना हातपाय गार पडून ग्लानी आली असेल, तर आंघोळीचं पाणी तापवत बसू नका. त्याला त्याच तासाला दवाखान्यात न्यायला हवं.