‘ए’ म्हणजे भरपूर साठा, हा समज सोडा

“ए गटातला माल दुकानाचा कणा. त्याचा साठा सगळ्यात जास्त ठेवा, सीचा थोडा चालतो.”

हे उलटं आहे. मालाची ए-बी-सी वर्गवारी फक्त वर्षभरात कोणत्या मालावर किती रुपये फिरतात ते दाखवते: ए सगळ्यात जास्त, सी सगळ्यात कमी. मागणी किती हेलकावते, हे एक्स-वाय-झेड वर्गवारीवरून कळतं: एक्स स्थिर, झेड बेभरवशाची, वाय मधली.

रावेरच्या पंपाच्या दुकानाचं उदाहरण घेऊ. वाइंडिंगची तार आणि सबमर्सिबल पंप, दोन्ही ए. तारेची सहा महिन्यांची विक्री ४०, ४४, ३८, ४२, ३६, ४० किलो. पंपाची ०, ५, ०, १, ६, ० नग. दोन्हींचं प्रमाण विचलन, म्हणजे विक्री सरासरीपासून साधारण किती लांब जाते ते, जवळपास सारखंच, अडीचच्या आसपास. पण ते सरासरीने भागा: तारेचं ०.०६, पंपाचं १.२६. साधारणपणे ०.५ च्या आत एक्स, १ च्या वर झेड.

म्हणून तार थोडी थोडी, वारंवार मागवावी. जादा साठा नाममात्र पुरतो. पंप मात्र एखादाच ठेवावा, बाकी गिऱ्हाईक पक्कं झाल्यावर जळगावहून आणावेत. भरपूर ठेवायचं ते सीमधलं ग्रोमेट, म्हणजे ठिबकच्या जोडाची रबरी कडी! किंमत किरकोळ, पण ते नसलं तर लॅटरल, म्हणजे ओळीतून जाणारी ठिबकची नळी, सबमेनच्या पाइपला जोडताच येत नाही, ठिबकचं काम अडतं.

एक धोका आहे. केळीच्या मृगबागेच्या लागवडीला लॅटरलची मागणी उसळते, म्हणून बारा महिन्यांच्या आकड्यांत ती झेडसारखी दिसते. ती उसळी तर दरवर्षीची, ठाऊक असलेली. अशा मालाचं विचलन सरासरीपासून न मोजता त्या महिन्याच्या अंदाजापासून मोजावं.