लॉट नंबर आला उर्वरित अंशामुळे, वजनाचा हिशेब नंतर चिकटला

नाशिकच्या द्राक्ष पॅकहाउसमध्ये आज प्रत्येक क्रेटला लॉट नंबर असतो. हा नंबर घट मोजण्यासाठी आलेला नाही. ग्रेडिंगच्या टेबलावर होणारे आजचे बरेच घोटाळे त्याच्या या जन्मकथेतून कळतात.

2003 मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि ॲसिफेट या कीडनाशकांचे अंश सापडले आणि माल अडकला. पुढे 1 जानेवारी 2005 पासून युरोपीय संघाने नियमच लागू केला की, अन्न कोणाकडून घेतले आणि कोणाला दिले हे प्रत्येक व्यावसायिकाला सांगता आले पाहिजे. 2006 मध्ये अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेने द्राक्षांचा माग ठेवणारी ग्रेपनेट ही ऑनलाइन यंत्रणा सुरू केली. बागेचा प्लॉट कृषी खात्याकडे नोंदवायचा, काढणीपूर्वी नमुना प्रयोगशाळेत जायचा आणि पेटी कोणत्या प्लॉटची हे शेवटपर्यंत सांगता यायला हवे. 2010 मध्ये वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे अंश सापडल्याचे प्रकरण उद्भवले आणि ही साखळी किती लागते ते सगळ्यांनाच कळले.

या साखळीचा प्रश्न एकच होता: माल कोणाचा? त्यातला किती पेटीत गेला आणि किती बाद झाला, हे तिने विचारले नव्हते.

तो प्रश्न ईआरपीकडे, म्हणजे व्यवसायाचा साठा आणि हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरकडे गेला, आणि ईआरपीचा वारसा अगदी वेगळा. त्याचा पाया 1964 च्या सुमारास अमेरिकेत जोसेफ ऑर्लिकी यांनी मांडलेल्या मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंगमध्ये आहे. ते अवजारे बनवणाऱ्या कारखान्यासाठी होते: अनेक सुटे भाग घ्या, एक वस्तू बनवा. पॅकहाउसमध्ये नेमके उलटे होते. एका लॉटमधून निर्यातीचा माल, लोकल माल, सुटे मणी आणि कुजका माल असे चार वाटे निघतात आणि कोणाचे प्रमाण आधी ठाऊक नसते. जुन्या पद्धतीत ठरावीक टक्के ‘वेस्टेज’ लिहून मोकळे होत. द्राक्षाला ते लागू पडत नाही, कारण तोडणीच्या आठवड्यात पाऊस झाला की मणी तडकतात आणि शेजारच्या दोन प्लॉटची घट एकसारखी राहत नाही.

हिशेबाने उदाहरण घेऊ. दोनशे क्रेट आले, काट्यावर 2720 किलो. प्रत्येक क्रेट आणि त्यातल्या कागदाचे मिळून 1.6 किलो धरले तर 320 वजा होऊन निव्वळ 2400 किलो उरतात. संध्याकाळी 390 पेट्या भरल्या, प्रत्येकीत 500 ग्रॅमचे दहा पनेट, म्हणजे छोटे डबे; नोंदीत झाले 1950 किलो. लोकल माल 230, मणी आणि छाटलेले तुकडे 110, कुजका 20 किलो. बेरीज 2310, म्हणून 90 किलो ‘गायब’.

चोरीचा संशय घेण्याआधी पनेट काट्यावर ठेवून पाहावे. सरासरी 515 ग्रॅम निघाले तर 3900 पनेटमध्ये 58.5 किलो जास्त भरले गेले आहेत. बाकी 31.5 किलो, म्हणजे 1.3 टक्के, बहुतेक पाण्याचे: शेतातली उष्णता प्रीकूलिंगमध्ये जाईपर्यंत फळ वजन सोडत राहते. ईआरपीत जास्त भरल्याचा आणि पाण्याचा रकाना वेगळा नसेल, तर हे 90 किलो कोणाच्या तरी माथी मारले जातात, बहुधा शेतकऱ्याच्या.

माझ्या मते सर्वात घातक चूक पुढची आहे. त्याच दिवशी दुसऱ्या प्लॉटचे 1600 किलो आले आणि पेटीत गेले 1040, म्हणजे उतारा 65 टक्के. पहिल्या लॉटचा उतारा 81.25 टक्के होता. पण बाद माल दिवसाअखेर एकत्र तोलला, किंवा पहिला लॉट संपण्याआधी दुसऱ्याचे क्रेट टेबलावर ओतले, तर सिस्टीम दोघांना मिळून 74.75 टक्के दाखवते. जिथे बागायतदाराला निर्यातीच्या वजनावर पैसे मिळतात, तिथे चांगला माल आणणाऱ्याचे नुकसान होते. मागचा माग काढण्याचे कामही बिघडते, कारण दुसऱ्या प्लॉटचे घड पहिल्याच्या नंबराखाली पेटीत जातात.

ही गडबड अहवालातून ओळखता येते. शेजारी-शेजारी चाललेल्या लॉटचे उतारे आठवडाभर जवळजवळ सारखे दिसू लागले, की टेबल रिकामे न करताच लॉट बदलला जातो आहे. खऱ्या बागांचे आकडे असे जुळत नाहीत. दुसरी खूण म्हणजे शंभरावर गेलेला उतारा: एखाद्या लॉटमध्ये आलेल्यापेक्षा जास्त माल पेटीत गेला असेल, तर तो शेजारच्या लॉटमधून आला आहे.

म्हणूनच काही पॅकहाउसमध्ये लॉट बदलताना टेबल पूर्ण पुसतात, टबमधले मणी तोलतात आणि तो आकडा टाकल्याशिवाय स्कॅनर पुढच्या लॉटचा पहिला क्रेट घेत नाही. यात वेळ जातो, आणि कंटेनरची वेळ गाठायची असली की पहिल्यांदा हीच पायरी गाळली जाते.